अर्धी वाळलेली स्लाइड आणि ‘समाधानकारक’ हा शेरा

प्रश्न: शिबिरातून आलेल्या गर्भाशयमुखाच्या काही पॅप स्मिअरमध्ये पेशी लालसर, पसरट आणि धूसर दिसतात. रंग चुकला की स्मिअर घेताना चूक झाली? आणि अशी स्लाइड नाकारायची केव्हा?

उत्तर: मी जळगावात पेशीतपासणीचे काम करतो. आपण सांगता तसे चित्र आमच्याकडे दर उन्हाळ्यात दिसते आणि बहुतेक वेळा त्याचे कारण रंग नसून स्लाइड अल्कोहोलमध्ये जाण्याआधी वाळणे हे असते. स्मिअर पसरताक्षणी, ओला असतानाच, ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडाला पाहिजे आणि किमान १५ ते ३० मिनिटे तिथे राहिला पाहिजे. हवेत वाळणारी पेशी काचेवर चपटी होऊन पसरते, तिचे केंद्रक फुगते, त्यातील क्रोमॅटिनची जाळी पुसट होते आणि जे पेशीद्रव्य निळे-हिरवे दिसायला हवे ते गुलाबी-नारिंगी होते.

रंगाची शंका दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच रॅकमधून गेलेली दुसऱ्या ठिकाणची स्लाइड पाहणे. दोष रंगात असेल तर तो सगळ्या रॅकमध्ये दिसतो. हॅरिस हीमॅटॉक्सिलिन केंद्रकाला रंग देते, सौम्य आम्लाची एक-दोन बुचकळी जादा रंग काढते आणि त्यानंतर नळाच्या वाहत्या पाण्यात केंद्रक निळे होते. हे धुणे कमी पडले तर केंद्रक जांभळट-लाल राहते, पण त्याची कडा स्पष्टच असते. पुढे अल्कोहोलमधून नेऊन ओजी-६ दिले जाते, ते केराटिनला नारिंगी करते, आणि पुन्हा अल्कोहोलनंतर ईए-५० दिले जाते, ज्यामुळे वरच्या थरातील पक्व पेशी गुलाबी आणि मधल्या व खालच्या थरातील पेशी निळसर-हिरव्या होतात. शेवटी शुद्ध अल्कोहोल, झायलीन आणि डीपीएक्स. यातली कोणतीही पायरी वाळलेल्या पेशीला तिचा तपशील परत देऊ शकत नाही.

आता नाकारण्याचा प्रश्न. मे महिन्यात यावल तालुक्यातील एका शिबिरातून आलेली स्लाइड मला नीट आठवते. रंगवल्यावर तिच्यावर एक आडवी सीमारेषा दिसत होती: खाली पेशी स्वच्छ, वर सगळे धूसर. जारचे झाकण दिवसभर उघडे राहून अल्कोहोल उडाले होते, पातळी खाली गेली होती आणि नंबर लिहिलेल्या फ्रॉस्टेड टोकाकडचा भाग कोरडाच उभा राहिला होता. स्मिअर साधारण २० मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब होता. त्यातील वरचे २४ मिलिमीटर, म्हणजे ६० टक्के, वाया गेले होते.

अहवाल लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीनुसार पारंपरिक स्मिअरमध्ये सुस्थितीतल्या आणि स्पष्ट दिसणाऱ्या अंदाजे ८,००० ते १२,००० स्क्वेमस पेशी लागतात, आणि ७५ टक्क्यांहून अधिक पेशी वाळण्याने, रक्ताने किंवा पुवाने झाकलेल्या असतील तर स्लाइड असमाधानकारक ठरते. मोजणी प्रत्येक पेशीची करायची नसते. आमच्या सूक्ष्मदर्शकात ४एक्स भिंगाखालचे क्षेत्र ५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे २० चौरस मिलिमीटर आहे. चांगला भाग २० गुणिले १६, म्हणजे ३२० चौरस मिलिमीटर, म्हणून तिथे अशी १६ क्षेत्रे बसतात. काही क्षेत्रे पाहिल्यावर सरासरी ६०० पेशी दिसल्या, म्हणजे एकूण ९,६०० च्या आसपास. म्हणून ती स्लाइड समाधानकारक ठरली आणि वाळण्यामुळे अंशतः अस्पष्ट असल्याची नोंद अहवालात आली, कारण ५० ते ७५ टक्के अस्पष्टता असेल तर तशी नोंद करायची असते. तीत गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीच्या किंवा मेटाप्लास्टिक पेशी १० सुद्धा सापडल्या नाहीत. तेही लिहिले, पण तेवढ्यावरून स्लाइड नाकारली जात नाही.

मात्र, कितीही थोड्या पेशी असल्या तरी एकही खरोखर विकृत पेशी दिसली, तर स्लाइडला असमाधानकारक म्हणता येत नाही. इथे वाळणे फसवते, कारण फुगलेले केंद्रक विकृतीसारखे भासते. मी आजूबाजूला पाहतो: वाळलेल्या भागात शेजारच्या सगळ्याच पेशी सारख्याच फुगलेल्या आणि फिक्या असतात, तर खऱ्या विकृतीत मोठे केंद्रक गडद, दाणेदार आणि ठसठशीत कडेचे असते व त्याच्या शेजारी नेहमीच्या आकाराच्या पेशी असतात. खात्री होत नसेल तर ती स्लाइड पॅथॉलॉजिस्टनीच पाहावी.

त्याच जारमधल्या दुसऱ्या स्लाइडवर जेमतेम खालची कडा भिजली होती आणि चांगल्या पेशी काही शेकड्यांतच होत्या. तिथे ‘असमाधानकारक, बहुतांश पेशी हवेत वाळलेल्या’ असे कारणासह लिहिले आणि दोन ते चार महिन्यांत पुन्हा नमुना घेण्यास कळवले. पुढच्या वेळी सिस्टरांनी नंबर पेन्सिलने आधीच लिहून ठेवला आणि जारवर स्मिअरच्या वर येईल अशी पातळीची रेघ मारली; त्या बाईंची नवी स्लाइड काठापासून काठापर्यंत वाचता आली.