फायबर ४० ग्रॅमवर नेलं आणि पोट फुगायला लागलं

प्रश्न: आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी ६ वाजता धावतो. रोजचा आहार साधारण २८०० कॅलरी. गेल्या आठवड्यात फायबर २२ वरून ४० ग्रॅम केलं. दुपारी १ ला राजमा आणि सॅलड, ३ ला प्रोटीन बार (९ ग्रॅम फायबर, चिकोरीचं). धावताना पोट फुगतं, कळा येतात, रात्री जेवण जात नाही. ४० जास्त होतंय का?

उत्तर: आकडा ठीक आहे. दर १००० कॅलरीमागे १४ ग्रॅम हा नेहमीचा हिशोब, म्हणजे तुमचे ३९ झाले. गडबड आहे ती एका आठवड्यात १८ ग्रॅम वाढवण्यात, आणि त्याहून जास्त त्या बारमध्ये.

चिकोरीचं फायबर म्हणजे इन्युलिन. ते पाण्यात विरघळतं, पण घट्ट होत नाही. त्यामुळे पोट भरल्यासारखं फारसं वाटत नाही. मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू मात्र ते झपाट्याने आंबवतात आणि गॅस होतो. ३ ला खाल्लेलं पोचायला काही तास लागतात, म्हणजे नेमकी तुमची धावायची वेळ. त्यात राजम्याचा गॅस वेगळाच. पाकिटावर ‘९ ग्रॅम’ दिसलं की लोक खूश होतात, पण कोणतं फायबर ते कुणी बघत नाही.

ओट्स आणि इसबगोलातलं फायबर विरघळून बुळबुळीत, दाट होतं. जठर हळू रिकामं होतं, भूक उशिरा लागते. वजन उतरवणाऱ्याला हे बरंच. पण रोज धावणाऱ्याचं जेवण यामुळे कमी झालं तर सरावाला लागणारी ऊर्जाच पोटात जात नाही, म्हणून असे पदार्थ सकाळी घ्या. न विरघळणाऱ्या फायबरचं काम मुख्यतः खाली, मोठ्या आतड्यात. गव्हाच्या कोंड्याचे जाडसर कण आतड्याच्या अस्तराला घासतात, तिथून पाणी आणि चिकट स्राव सुटतो आणि शौच पुढे सरकतं. कोंडा अगदी बारीक दळलेला असेल तर हा परिणाम जवळपास जातो, उलट शौच घट्टही होऊ शकतं.

मी तुमच्या जागी असतो तर बार आजच बंद केला असता. आठवडाभर २५ ग्रॅमवर राहा, मग दर आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवा. सकाळी ओट्स आणि फळ. राजमा रात्री, धावून आल्यावर, तोही आधी अर्धी वाटी. दुपारी भात, अंडी किंवा दही असं हलकं जेवण, आणि ५ च्या सुमारास हवं तर पिकलं केळं. इसबगोल घेतलंत तर भरपूर पाण्यासोबतच, नाहीतर ते घशातच फुगून अडकू शकतं.

बार बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत धावताना आराम पडला तर दोष इन्युलिनचाच समजा. २५ ग्रॅमवर दोन आठवडे राहूनही कळा थांबल्या नाहीत, किंवा शौचातून रक्त गेलं, वजन आपोआप उतरू लागलं, तर फायबरची आकडेमोड सोडून डॉक्टरांकडे जा.