डीएफएल ७ की २? म्हापशाजवळच्या हॉटेलाचा हिशेब

प्रश्न: म्हापशाजवळ आमचं २० खोल्यांचं हॉटेल आहे. सीएंनी बँकेच्या फाइलीत डीओएल ३, डीएफएल २, डीसीएल ६ लिहिलंय. मी काढला तर डीएफएल ७ येतो. कोणाचं चुकतंय? आणि ४० लाखांचं कर्ज काढून पूल बांधावा का? (खोल्या वर्षाला ४,००० रात्री जातात, जीएसटी सोडून सरासरी दर ३,०००, रात्रीमागे बदलता खर्च ९००, फिक्स्ड खर्च ५६ लाख, त्यात घसारा ८ लाख, हप्ता महिना २ लाख, त्यातलं वर्षाचं व्याज १४ लाख.)

उत्तर: सीएंचं बरोबर आहे. तुम्ही पूर्ण हप्ता वजा केलात, म्हणून ७ आला. व्याजाआधीचा नफा २८ लाख आणि वर्षाचा हप्ता २४ लाख, म्हणून २८ भागिले (२८ वजा २४) म्हणजे ७. डीएफएल म्हणजे कर्जामुळे नफा किती पट हलतो तो आकडा. त्यात फक्त व्याज धरतात, कारण मुद्दल फेडणं हा खर्च नव्हे, ते देणं कमी करणं आहे. तरीही तुमची भीती अगदीच बिनबुडाची नाही. त्याकडे शेवटी येतो.

आधी तुमचेच आकडे मांडू. विक्री १ कोटी २० लाख. त्यातून ३६ लाख बदलता खर्च गेला की ८४ लाख कॉन्ट्रिब्युशन उरतं. फिक्स्ड ५६ लाख वजा केले की व्याजाआधीचा नफा २८ लाख, आणि व्याज गेल्यावर १४ लाख.

डीओएल म्हणजे ८४ भागिले २८, म्हणजे ३. खोल्यांच्या रात्री १ टक्का हलल्या तर व्याजाआधीचा नफा ३ टक्के हलतो. डीएफएल म्हणजे २८ भागिले १४, म्हणजे २. तो नफा १ टक्का हलला तर तुमच्या हातातला नफा २ टक्के हलतो. दोन्हींचा गुणाकार डीसीएल, ८४ भागिले १४, म्हणजे ६. इथे बेरीज करायची नसते, कारण दुसरा धक्का पहिल्या धक्क्यावर बसतो. पहिला आकडा तुमच्या धंद्याच्या घडणीचा आहे: पगार, लीज, देखभाल. दुसरा बँकेचा आहे. हप्ते फिटत गेले की दुसरा आपोआप खाली येतो. पहिला मात्र, रात्री आणि दर तेवढेच असतील तर, हॉटेल चालवण्याची पद्धत बदलल्याशिवाय हलत नाही.

पडताळून बघा. रात्री १० टक्के घटून ३,६०० झाल्या, तर कॉन्ट्रिब्युशन ७५.६ लाख, व्याजाआधीचा नफा १९.६ लाख (३० टक्के कमी), हातातला नफा ५.६ लाख (६० टक्के कमी). सूत्र बरोबर बसतं.

पण हे आकडे त्या एका पातळीचेच असतात. ३,६०० रात्रींवर पुन्हा काढलेत तर डीसीएल ७५.६ भागिले ५.६, म्हणजे १३.५ येतो. म्हणजे आणखी १० टक्के रात्री गेल्या तर नफा १३५ टक्के घसरून तोट्यात जातो. म्हणून फाइलीतला ६ हा चांगल्या वर्षाचा आकडा समजा. त्याचा उलटा १ भागिले ६ म्हणजे सुमारे १६.७ टक्के. इतक्या रात्री घटल्या, म्हणजे त्या ३,३३३ वर आल्या, की नफा शून्य. मला विचाराल तर डीसीएलपेक्षा हीच टक्केवारी भिंतीवर लिहून ठेवावी.

आता चूक होण्याची खरी जागा: फिक्स्ड आणि बदलता खर्च वेगळा काढणं. मी आमच्या भागातल्या लहान हॉटेलांचे हिशेब बघतो, आणि वीजबिल प्रत्येक वहीत एकाच खात्यात पडलेलं असतं. कधी सगळं फिक्स्ड, कधी सगळं बदलतं. एका वहीतलं उदाहरण सांगतो. जानेवारीत ५२० रात्री गेल्या आणि बिल १,५४,०००. जुलैत १२० रात्री आणि बिल ७४,०००. फरक ४०० रात्रींचा आणि ८०,००० रुपयांचा, म्हणजे रात्रीमागे २००. जुलैतल्या १२० रात्रींचे २४,००० वजा केले की ५०,००० हे कोणी आलं नाही तरी जळतच होते: फ्रीज, पंप, आवारातले दिवे. या पद्धतीत मे महिना धरू नका. एसी जास्त चालतो, त्यामुळे रात्रीमागचा खर्च फुगतो आणि फिक्स्ड भाग कमी दिसतो. पगाराचंही तसंच. पावसाळ्यात गावी जाणाऱ्या मुलांचा पगार खोल्यांमागे बदलत नाही, पण पूर्ण वर्षाचाही नसतो. तो सीझनचा फिक्स्ड म्हणून वेगळा ओढा.

याच कारणाने डीओएल महिन्याचा काढू नका. जुलैत व्याजाआधीचा नफाच ऋण असेल तर भागाकाराला काही अर्थ उरत नाही. तुमच्या धंद्याला पूर्ण वर्षच घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी फाइलीत दिसत नाही. हा ६ फक्त रात्री घटण्याला लागू आहे. दर घटला तर मार जास्त बसतो. समजा रात्री त्याच ४,०००, पण पाहुणा टिकवायला दर १० टक्के खाली आणलात. रात्रीमागे ३०० रुपये गेले, धुलाई, नाश्ता, वीज तेवढीच. तुमच्या ९०० मध्ये बुकिंग साइटचं कमिशन सरासरी ३०० असेल, तर ते दराच्या टक्केवारीत असल्याने ३० रुपये वाचतील. तरी २७० गुणिले ४,०००, म्हणजे १०.८ लाख नफ्यातून थेट गेले. उरले ३.२ लाख, म्हणजे जवळपास ७७ टक्के घट. त्याच १० टक्क्यांना रात्रींच्या बाबतीत ६० टक्के घट झाली होती. ऑफ-सीझनला डिस्काउंट देताना हा फरक समोर ठेवा.

आता तुमची हप्त्याची भीती. नफ्यात मुद्दल दिसत नाही, पण बँक खात्यातून ते जातंच. व्याजानंतरचा नफा १४ लाख, त्यात ८ लाख घसारा परत मिळवा, कारण तो रोख जात नाही. झाले २२ लाख. त्यातून मुद्दलाचे १० लाख गेले की कराआधी १२ लाख उरतात. १२ भागिले ८४ म्हणजे १४.३ टक्के. रात्री एवढ्या घटल्या की नफा अजून दिसत असेल, पण हप्ता भरायला खिशातून घालावं लागेल. कर धरला तर त्याहूनही आधी.

आणि पूल. ४० लाख १० टक्क्यांनी म्हणजे पहिल्या वर्षी व्याज ४ लाख, आणि देखभाल व घसारा मिळून ६ लाख धरू (हा माझा अंदाज, तुमचं कोटेशन घाला). रात्री वाढल्या नाहीत तर नफा १४ वरून ४ लाखांवर येतो आणि डीसीएल ८४ भागिले ४, म्हणजे २१. जुना नफा परत आणायला १० लाख भागिले २,१००, म्हणजे ४७६ रात्री जास्त हव्यात. सध्या खोल्या ५५ टक्के भरतात, त्या ६१ टक्क्यांवर न्याव्या लागतील. तेवढं जमलं तरी डीसीएल ६.७ राहतो, म्हणजे तोट्यापर्यंतची जागा १६.७ वरून १५ टक्क्यांवर येते.

म्हणून पूल खोल्या भरण्यासाठी बांधू नका. तो दर वाढवू शकत असेल तरच बघा. ४,००० रात्रींवर रात्रीमागे २५० रुपये जास्त मिळाले आणि कमिशन त्यातलं १० टक्के गेलं, तर ९ लाख येतात, आणि त्यासाठी एकही खोली जास्त धुवावी लागत नाही. शेजारच्या पूलवाल्या आणि बिनपूलवाल्या हॉटेलांचे नोव्हेंबर आणि जुलैचे दर साइटवर बघून हा फरक खरोखर मिळतो का ते आधी टिपून काढा. जुलैत तो फरक नाहीसा होत असेल, तर २५० ही वर्षाची सरासरी म्हणून धरू नका.