आधी ईसीजी, मग टेन्शन

प्रश्न: टेन्शन आलं की छाती आवळल्यासारखी होते आणि हृदय जोरात धडधडतं. हे मनाचं आहे की हार्टचं, कसं ओळखायचं? आणि त्या वेळी लगेच काय करायचं?

मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. पहिल्यांदाच असं झालं असेल, वय चाळिशीच्या पुढं असेल, किंवा शुगर, बीपी, तंबाखू, घरात कुणाला कमी वयात अटॅक यातलं काही असेल, तर घरी बसून ओळखायचा प्रयत्नच करू नका. ईसीजी काढा. "टेन्शन होतं" एवढ्यावरून ते टेन्शनमुळंच झालं असं ठरत नाही, कारण खरा अटॅकही टेन्शनमध्येच येऊ शकतो. हे मी एवढं ठासून का सांगते, त्याला कारण आमच्या घरातच घडलं.

माझी धाकटी जाऊ तासगावात असते. द्राक्षबाग आहे. त्या साली माल चांगला निघाला आणि व्यापाऱ्यानं उचललाही, पण पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याचा फोन बंद. औषधांचं, मजुरीचं, सोसायटीचं देणं डोक्यावर. मी तेव्हा गावीच होते. दुपारी जाऊबाई पडवीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "ताई, छातीवर पाटा ठेवल्यागत झालंय." धडधडतंय म्हणाल्या. दाढही दुखतेय म्हणून त्यांनी गालात लवंग धरली होती. वय पन्नाशीच्या आसपास, शुगरच्या गोळ्या चालू.

माझे थोरले दीर तिथंच होते. ते म्हणाले, "काय झालं न्हाई. व्यापाऱ्याचं डोक्यात घेऊन बसलीय. सोडा-लिंबू द्या आन् झोपू द्या." घरातल्या सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण टेन्शन सगळ्यांना दिसत होतं.

मी हात हातात घेतला. हात गार आणि ओला. पोलक्याच्या बाह्या घामानं चिकटलेल्या, आणि त्या दिवशी एवढा घाम येण्यासारखं ऊन नव्हतं. नाडी नियमित होती, शंभरच्या आत-बाहेर. म्हणजे "धडधडतंय" असं त्या म्हणत होत्या, पण हृदय काही पळत नव्हतं. विचारलं, बोटांना मुंग्या येताहेत का, ओठ बधिर झालेत का? नाही. श्वास भराभर घेताय का? तेही नाही. दुखणं कुठं आहे ते बोटानं दाखवा म्हटलं, तर त्यांनी अख्खा तळवा छातीच्या मधोमध ठेवला. अटॅकचं दुखणं बहुतेक वेळा असंच दाखवलं जातं. एका बोटानं दाखवता येणारं, दाबलं की दुखणारं, श्वास घेतला की टोचणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी असते. कमी असते म्हणजे नसतेच असं नाही. आणि लवंग धरली होती ती दाढ नव्हतीच. हृदयाचं दुखणं जबड्यात उतरतं, पाठीत उतरतं, दोन्ही हातांत उतरतं. बायकांत आणि शुगरवाल्यांत तर कधी कधी छाती दुखतच नाही. नुसतं दमल्यासारखं होतं, मळमळतं, धाप लागते.

शेजारच्या एका आजोबांची सॉर्बिट्रेट होती, ती कुणीतरी धावत आणली. मी ती जिभेखाली ठेवू दिली नाही, यावरून त्या गडबडीतही बोलणी झाली. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि बीपी पाडते. अटॅक हृदयाच्या खालच्या बाजूचा असेल आणि त्यात उजवा कप्पा सापडला असेल, तर बीपी इतकं कोसळू शकतं की माणूस तिथंच बेशुद्ध पडतो. ईसीजीशिवाय हे कळत नाही. दुसऱ्याची सॉर्बिट्रेट कुणालाही देऊ नये. ज्याला त्याच्या डॉक्टरनं लिहून दिली आहे त्यानंच ती घ्यावी. अ‍ॅस्पिरिनची 300 मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा मात्र मी चावून खायला लावली. गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर लागू पडते.

त्यांना जिना चढू दिला नाही, बाथरूमला चालत जाऊ दिलं नाही. अर्धवट टेकून बसवलं आणि गावातल्याच डॉक्टरांकडं गाडीतून नेलं. ईसीजी निघाला. जवळजवळ नॉर्मल.

थोरले दीर तेव्हा जे म्हणाले ते माझ्या अजून कानात आहे. "बघा, मी काय म्हणत होतो?" सगळे उठलेसुद्धा, घरी जायला.

पण एक नॉर्मल ईसीजी म्हणजे तेवढ्या दहा सेकंदांचा फोटो. अटॅकच्या सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायचा, गरज पडली तर तिसऱ्यांदा काढायचा. शिवाय रक्तात ट्रोपोनिन बघायचं, आणि तेही एकदाच नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात चढायला वेळ लागतो, म्हणून पहिलं नॉर्मल आलं तरी काही तासांनी परत तपासतात. डॉक्टर मला ओळखत होते, पण ओळख नसती तरी त्यांनी तेच केलं असतं. जाऊबाईंची छाती अजून आवळलेलीच होती, म्हणून त्यांनी हलू दिलं नाही. दुसऱ्या ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये रेघ वर उचललेली दिसली. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक. म्हणजे ती सॉर्बिट्रेट नेमकी ज्या जागी घातक ठरू शकते तीच जागा.

108 बोलावली, मिरजेला फोन करून कळवलं, त्यामुळं गेल्या गेल्या कॅथलॅब, म्हणजे धमनी उघडायची खोली, तयार होती. उजवी धमनी बंद निघाली, स्टेंट पडला. आज त्या बाग बघतात.

थोरले दीर अजून म्हणतात, टेन्शनमुळंच झालं ना शेवटी! असेल. टेन्शनमध्ये अ‍ॅड्रिनलिन वाढतं, बीपी आणि नाडी वाढते, धमनीत आधीच साठलेल्या चरबीच्या थराला चीर जाते आणि तिथं गुठळी धरते. कारण टेन्शन असलं तरी धमनी खरीच बंद होते आणि ती सोडा-लिंबानं उघडत नाही. पाळी गेलेल्या बायकांत तर मोठ्या धक्क्यानंतर कधी कधी हृदयाचा स्नायूच तात्पुरता ढिला पडतो, धमन्या मोकळ्या असूनही. त्याला ताकोत्सुबो म्हणतात. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही अटॅकसारखे येतात, फरक अँजिओग्राफीत कळतो. तेव्हा टेन्शन आणि हार्ट या दोन वेगळ्या पेट्या समजू नका. आणि आपल्याकडं ही "टेन्शन"ची चिठ्ठी बाईच्याच कपाळावर आधी चिकटते. तेच दुखणं थोरल्या दिरांना झालं असतं तर गाडी मिनिटात दारात आली असती. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

आता तुमचं. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण "टेन्शन आलं की" असं लिहिलंय, म्हणजे हे वारंवार होत असावं. पॅनिक अटॅक मी ड्युटीवर भरपूर पाहिलेत. परीक्षेच्या दिवसांत सांगली-मिरजेची पोरं यायची, बोटं आकडलेली, ओठ बधिर, "मी मरतोय" म्हणत. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, चक्कर येते आणि छातीही आवळते. हे साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि अर्ध्या तासात बरंचसं ओसरतं. बरेचदा एका जागी बसलेले असताना येतं, जिना चढताना किंवा भरभर चालताना सहसा येत नाही. याच्या उलट, चालल्यावर छाती आवळते आणि थांबलं की सुटते, असं होत असेल तर ते हृदयाचं समजा. मग ते टेन्शनच्या दिवशी होवो नाहीतर सणाच्या.

तपासून हृदय ठीक निघालं असेल आणि ओळखीचाच झटका आला असेल, तर टेकून बसा, नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत हळू सोडा. सोडणं लांबवायचं, खोल ओढायचं नाही. खोल श्वास घे म्हणून ओरडणाऱ्यांमुळं मुंग्या वाढतात. तोंडावर कागदी पिशवी धरू नका, खरंच हृदयाचं असेल तर ऑक्सिजन कमी पडेल. ज्या क्षणी दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटेल, पंधरा मिनिटांत उतरायला लागणार नाही, घाम फुटेल, जबड्यात किंवा हातात जाईल, उलटी किंवा बेशुद्धी येईल, त्या क्षणी मोजणं सोडा आणि 108 ला फोन लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. जोरजोरात खोकत राहिलं की अटॅक थांबतो हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर खोटा आहे.

धडधडीबद्दल एक गोष्ट नीट बघा. टेन्शनची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. पण बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होत असेल, बसल्या जागी नाडी दीडशेच्या वर जात असेल आणि तशीच एकदम बंद होत असेल, तर ती एसव्हीटी नावाची हृदयाच्या वायरिंगची गडबड असू शकते. तरुण मुलींना यावर वर्षानुवर्षं "घाबरट" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. ती नंतरच्या ईसीजीत बहुतेक वेळा दिसत नाही. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजीची पट्टी काढायची, नाहीतर डॉक्टर चोवीस तास ईसीजी नोंदवणारा होल्टर लावतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या, हिमोग्लोबिन कमी किंवा थायरॉइड जास्त असलं तरी हृदय पळतं.

अ‍ॅस्पिरिनचं वर लिहिलं ते सगळ्यांना चालत नाही. अ‍ॅलर्जी असेल, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर फोनवर 108 च्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. अर्धांगाची लक्षणं असतील, म्हणजे तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळतंय, तर मुळीच नको. ईसीजी निघाला की त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, पुढच्या वेळी जुन्याशी ताडून पाहताना डॉक्टरांना फार उपयोग होतो. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरी झटके येतच राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जा, त्याला समुपदेशन आणि औषध दोन्ही आहे. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून रोज घेऊ नका, तिची सवय लागते.