अनोळखी रिक्रूटरला लिंक्डइनवर विनंती पाठवताना नोटमध्ये काय लिहावं?

"नाशिकमध्येच क्वालिटी इंजिनीअरची नोकरी शोधतोय. एचआर मॅडमना ओळखत नाही. नोटमध्ये काय लिहू?"

मोफत खात्यावर नोटला 200 अक्षरांचीच जागा मिळते, त्यामुळे तीनच गोष्टी लिहा: त्यांचं नेमकं काय पाहून आलात, तुम्ही काय काम करता आणि अर्ज केलाय का. नोट इंग्रजीत पाठवलीत तरी आशय असा ठेवा:

"नमस्कार मॅडम, अंबड प्लांटसाठी तुम्ही टाकलेली क्वालिटी इंजिनीअरची जागा पाहिली. सातपूरला 3 वर्षं सीएमएम तपासणी आणि पीपॅप करतोय. आज अर्ज केला. संपर्कात राहायला आवडेल."

यात "नोकरी द्या" कुठेच नाही, ते मुद्दाम. ओळख नसताना थेट मागणी केली की समोरच्याला लगेच हो-नाही ठरवावं लागतं, आणि मग बहुतेकदा उत्तरच येत नाही. "तुमचं प्रोफाइल फार आवडलं" हेही नको, कारण ते कुणालाही पाठवता येतं. अंबड, सीएमएम, पीपॅप हे शब्द मात्र त्या जागेशी थेट जुळतात.

विनंती रिक्रूटरऐवजी क्वालिटी मॅनेजरला जाणार असेल, तर वर्षांपेक्षा कामाला जागा द्या: कोणता पार्ट, कोणती तक्रार कमी केली. त्यांना ते लगेच कळतं.

एक काळजी घ्या. सुचवलेल्या लोकांच्या यादीतलं Connect दाबलं की विनंती नोटशिवायच जाऊ शकते, म्हणून आधी प्रोफाइल उघडा. चुकून गेलेली विनंती मागे घेतलीत, तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

रेझ्युमे विनंती स्वीकारल्यानंतरच्या मेसेजमध्ये पाठवा.