तो तिचा कोण लागतो?

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं गाणं मिळालं. मंडळातल्या बायकांनी ते दोनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा टाळ खाली ठेवले, चाल तर सोपी होती, मग काय चुकलं, असं तू विचारतोस. चालीचा काही दोष नाही. पहिल्याच ओळीत तू विठ्ठलाला ‘प्रियकरा’ म्हणालास आणि तिसऱ्या कडव्यात ‘माउली’. ज्या बाईच्या तोंडी हे गाणं आहे तिचा तो कोण लागतो, हे तुझंच ठरलेलं नाही. मग बायकांनी कुणाची वाट पाहायची?

लिहायला बसण्याआधी हे ठरव: तो तिचा कोण लागतो?

सखा किंवा प्रियकर धरलास तरी हरकत नाही. विरहिणीची आणि गौळणीची वाट जुनी आहे, पैठणच्या नाथांनी गौळणी रचल्याच आहेत. पण मग तिनं बोलायचं ते सखीशी, आणि गोकुळ सोडायचं नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत तो तिच्याबरोबर दळायला बसतो. तिथं तो घरचाच झाला, वाट पाहायचा प्रश्नच उरत नाही. तुला मात्र आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीसारखं गाणं हवंय, आणि त्या ओवीतली बाई सहसा प्रियकराची वाट पाहत नाही. ती मुराळ्याची वाट पाहते. पंढरपूर तिचं माहेर, विठोबा तिचा भाऊ, आणि पंचमीला तो न्यायला यायचा आहे.

भाऊ म्हटलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. वाट किती दिवसांची, ते पंचांग सांगतं. आषाढ शुद्ध एकादशीला गावची दिंडी पंढरीत असते, हिचा पाय मात्र सासरी पेरणीत आणि चुलीत अडकलेला. श्रावण शुद्ध पंचमीला माहेरचं मूळ यायला हवं. मधे 24 तिथी. पौर्णिमेला गोपाळकाला होतो, माणसं बुक्का आणि चुरमुरे घेऊन परततात आणि हिला निरोप विचारायला जागा मिळते. ‘युगे युगे मी वाट पाहिली’ असं तू लिहिलंस. युगं कुणी मोजलीत? 24 तिथी प्रत्येकीच्या बोटांवर असतात. वाट आणखी लांबवायची असेल तर अधिक महिना घाल. 2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा आषाढी होती 29 जूनला आणि नागपंचमी थेट 21 ऑगस्टला. धोंड्याच्या त्या महिन्यात शेजारणी नवऱ्यासकट माहेरी जातात आणि ही दारातच. एवढ्यावर दोन ओव्या सहज निघतील.

आता उशिराचं कारण. ते गाण्यात हवंच, नाहीतर वाट नुसती रडकी होते. तुझ्या गाण्यात तो का येत नाही याचा पत्ताच नाही. ओवीतली बहीण भावाला बोल लावत नाही. ती वाटेला लावते, गोदावरीच्या पुराला लावते, आणि सगळ्यात जास्त भावजयीला. म्हणजे रखुमाईला! इथं पुन्हा तोच प्रश्न: तो तिचा कोण लागतो? बाप धरलास तर रखुमाई आई होईल आणि तिला टोमणा मारता येणार नाही. भाऊ धरलास म्हणून ती भावजय. शिवाय आषाढी एकादशीपासून देव चार महिने निजतो, म्हणजे मुराळी झोपलेला आणि दाराशी वहिनी. इतकं आयतं कारण परंपरेनं हातात दिलेलं असताना तू ‘विरहाग्नी’ शोधत फिरलास, याचा मला राग येतो.

आता बांधणी. तुझ्या ओळी दहा-बारा अक्षरांच्या आणि गच्च भरलेल्या आहेत. ओवीची ओळ दोन तुकड्यांत ठेव, तुकडा सात अक्षरांचा. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, सात अक्षरं झाली की आठवी जागा ‘गं’ची. ती तू लिहायची नाहीस, बाई स्वतः घालते. कुणी ‘गं’ घालील, कुणी ‘माय’ ओढून म्हणेल. ती जागा बुजवलीस की गाणं तुझं एकट्याचं राहतं. जात्यावरच्या ओवीला वेगळं ध्रुपद नसतं. मंडळात हवंच असेल तर पहिल्या ओळीचा दुसरा तुकडा बाकीच्यांना झेलायला दे. यमक दोन ओळींच्या शेवटी एकदाच, आणि बोलीत जुळलं की पुरे.

तुझी पहिली दोन कडवी मोडून हे बघ:

दिंडी माघारी आली, बुक्का लोकांच्या भाळी
पुसते एकेकाला, कुठं माझा मुराळी

पंचीम आली बाई, झाडा बांधिला झोका
मुराळी का येईना, कोण्या वाटंला धोका

निजला बंधू माझा, हाक मारीना कोनी
उठू देईना त्याला, रखुमाई वहिनी

पहिल्या ओवीत दुःखाचा एकही शब्द नाही. ‘एकेकाला’ म्हटलं की ती किती जणांपुढे उभी राहिली ते कळतं. दुसरीत भावावर संशय नाही, वाटेचीच काळजी आहे. तिसरीत टोमणा आला, पण नातं सोडून नाही. ‘कोनी’ला ‘कोणी’ करशील तर बघ. शुद्धलेखनासाठी ‘वहिनी’शी जुळलेलं यमक मोडू नकोस. आणि ‘मी जळते’, ‘मी झुरते’ हे ती म्हणणार नाही, कारण पलीकडे सासू जागी आहे. सासरी माहेरची आठवण उघड काढता येत नाही म्हणून तर ती पहाटे जात्याला सांगते. हे विसरलं की बाईच्या तोंडून पुरुषाचं भाषण सुरू होतं. तुझ्या चौथ्या कडव्यात नेमकं तेच झालंय.

शेवटच्या कडव्यात तू दर्शन घडवलंस. ते काढून टाक. ‘भक्तिगीत आहे, देव भेटलाच पाहिजे’ असं कुणीतरी तुला सांगितलेलं दिसतंय. मलाही लोक सांगतात, आणि हेकट म्हणतात. म्हणोत. मुराळी अंगणात आला की ओवी थांबते, कारण मग ती गाठोडं उचलून चालू लागते, दळत बसत नाही. दळण चालू आहे म्हणजे तो आलेला नाही.

ओवी चालते की नाही ते ओळखायला चाल लागत नाही. मंडळातल्या वयस्कर बाईला पहिली ओळ वाचून दाखव आणि गप्प बस. तिनं दुसरी ओळ स्वतःच्या मनानं जोडली, तुझी नसली तरी, तर नातं पोचलं. ‘छान आहे रे’ म्हणाली तर समज की बसलं नाही.

चौथी ओवी तू कर. त्यात ती सणाच्या पुरणासाठी जात्यावर हरभरा भरडते आहे, एवढंच धर. पुरण कुणासाठी झाकून ठेवायचं ते तिला माहीत आहे. तू मात्र लिहिण्याआधी कागदाच्या वर लिही, तो तिचा कोण लागतो, आणि मगच मला पाठव. या वेळी टंकलेलं नको, हातानं लिही, म्हणजे कुठं खोडलंस ते मला दिसेल.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
काका