सकाळी टीबीची गोळी, संध्याकाळी मोहाची: मधल्या अंतराने काही वाचतं का?

"बाबांना टीबीच्या गोळ्या लागून 3 आठवडे झाले. गोळ्या सकाळी खातात, मोहाची संध्याकाळी पितात. मधात 10-12 घंटे जातात, मग चालते का? पेलेल्या दिवशी गोळी नाही दिली तर बरं राहीन का?"

अंतर ठेवून काही वाचत नाही. आणि प्यायलेल्या दिवशी गोळी चुकवणं त्याहून वाईट.

सरकारी दवाखान्यातून पहिले 2 महिने जी गोळी मिळते, तिच्यात चार औषधं एकत्र असतात. गोळ्या किती, हे वजनावर ठरतं. समजा बाबांचं वजन 43 किलो आहे, तर रोज 3 गोळ्या. या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला, म्हणजे लिव्हरला, त्रास देऊ शकतात. चौथं इथॅम्बुटॉल लिव्हरला सहसा त्रास देत नाही, त्यात नजरेकडे लक्ष ठेवावं लागतं. न पिणाऱ्या माणसालाही या गोळ्यांनी कावीळ होऊ शकते. पिणाऱ्याला ती होण्याची शक्यता बरीच जास्त.

दारू आणि गोळी पोटात एकमेकींना भेटतात म्हणून नुकसान होतं, असं लोकांना वाटतं. म्हणून अंतराचा विचार डोक्यात येतो. खरा घोळ लिव्हरमध्ये आहे. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये दारू मोडणारं एक एन्झाइम वाढून बसतं. आयसोनियाझिड शरीरात मोडताना जे तुकडे पडतात, त्यांतले काही याच एन्झाइममुळे जास्त विषारी होतात. संध्याकाळची दारू सकाळपर्यंत रक्तातून निघून गेली, तरी वाढलेलं एन्झाइम काही दिवस तसंच राहतं. म्हणजे सकाळची गोळी पडते ती आधीच बिघडलेल्या लिव्हरवर. त्यात पिणारा माणूस जेवतो कमी. विष निवारायला लिव्हरला लागणारा साठा चांगल्या खाण्यातून भरतो, तो टीबी आणि दारू दोन्हींमुळे रिकामा झालेला असतो.

"मोहाची शुद्ध असते, घरची आहे, तिनं काही होत नाही" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. लिव्हरला मोहाची काय, देशी काय आणि विदेशी काय, अल्कोहोल एकच. पहिल्या धारेची तर जास्तच कडक.

आता गोळी चुकवण्याचं. आठवड्यात 3-4 दिवस बसणारा माणूस तेवढ्या दिवशी गोळी खात नसेल, तर जंतू अर्धवट मार खाऊन जगतात आणि त्यांतले औषधाला न जुमानणारे वाढतात. मग साध्या टीबीचा एमडीआर टीबी होऊ शकतो, त्याची औषधं जास्त कडक असतात. म्हणून रात्री प्यायले असले तरी सकाळची गोळी द्यायची. गोळी थांबवायची ती फक्त लिव्हर बिघडल्याची खूण दिसली तर, आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोचायचं.

ती खूण ओळखायला दोन गोष्टी आड येतात. पहिली लघवी. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारंगी-लाल होते, घामाला आणि डोळ्यांच्या पाण्यालाही रंग येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. हा रंग गोळी घेतल्यावर काही तास गडद असतो, संध्याकाळपर्यंत फिका पडतो. काविळीत लघवी दिवसभर सरसोच्या तेलासारखी गडद राहते आणि डोळे पिवळे होतात. डोळे बल्बच्या उजेडात पाहू नका, अंगणात दिवसा पाहा. बाबांना खाली बघायला सांगा, वरची पापणी बोटानं उचला आणि पांढऱ्या भागाचा रंग बघा. तो पिवळा दिसला, तर लघवीच्या रंगावर वाद घालायची गरज नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी. लिव्हर बिघडायला लागलं की आधी भूक मरते, मळमळते, उलटी होते, अंगात त्राण राहत नाही, उजव्या बरगडीखाली दुखतं. पिणाऱ्या माणसाच्या घरी यातलं प्रत्येक लक्षण "रात्रीची उतरली नाही" या खात्यात जातं. कुणी उतारा म्हणून सकाळीच अजून एक घोट देतं. दारू न पिता किंवा नेहमीइतकीच पिऊन मळमळ आणि भूक न लागणं 2-3 दिवस टिकलं, तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता रक्त तपासा.

तपासणीत काय बघायचं? लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे, एसजीओटी आणि एसजीपीटी. समजा उपचार सुरू करताना एसजीओटी 110 आणि एसजीपीटी 48 आहे. एसजीओटी दुपटीहून जास्त, एसजीपीटी थोडंसंच वर: ही बहुधा दारूची सही. 3 आठवड्यांनी एसजीपीटी 260 झालं, तर संशय गोळ्यांवर जातो, कारण नुसत्या दारूनं ते इतकं वर सहसा जात नाही. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा 40 च्या आसपास असते. लक्षणं असतील आणि आकडा तिप्पट, म्हणजे 120 च्या वर गेला, किंवा लक्षणं नसूनही पाचपट, म्हणजे 200 च्या वर, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात. आकडा दुपटीच्या आत आला की औषधं एकदम नाही, एकेक करून सुरू होतात: बहुधा आधी रिफाम्पिसिन, काही दिवस तपासून मग आयसोनियाझिड. पायराझिनामाइडवर बहुतेक वेळा परत जातच नाहीत, मग 6 महिन्यांचा कोर्स 9 पर्यंत लांबू शकतो. घरी उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं परत सुरू करू नका. रोज पिणाऱ्याची ही तपासणी सुरुवातीला, 2 आठवड्यांनी आणि मग दर महिन्याला व्हावी, असं आशाताईंना किंवा पीएचसीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाबांची झाली नसेल तर याच आठवड्यात करा.

सांगताना किती पितात ते खरं सांगा. गडचिरोली, वर्धेत दारूबंदी असल्यामुळे लोक डॉक्टरपासूनही लपवतात. डॉक्टरला पोलिसात कळवायचं नसतं, त्याला फक्त तपासणी कधी करायची ते ठरवायचं असतं.

मग उद्यापासून दारू बंदच करू का? अधूनमधून थोडी घेत असतील तर हो. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची एकदम तोडली, की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, 2 दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं आणि थायमिन देऊन सोडवतात. त्यासाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.

"दारू सोडवायची पुडी" भाजीत किंवा वरणात लपवून देण्याची चाल आहे, ती मुळीच करू नका. त्या पुडीत डायसल्फिराम असेल तर ते स्वतः लिव्हरला घातक आहे, आणि आयसोनियाझिडसोबत डोकं भ्रमिष्ट होऊ शकतं. काविळीवर गावात मिळणाऱ्या मुळीचंही तेच. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अंग दुखलं म्हणून दुकानातून आणलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरला विचारा, कारण त्याचा काही भाग त्याच वाढलेल्या एन्झाइमच्या वाटेनं विषारी होतो.