वंश तोच, वर्ग वेगळा

प्रश्न: माझी मावसबहीण लंडनमध्ये ‘एशियन’ आहे, पण तिची चिनी मैत्रीण सांगते की पूर्वी तिथल्या जनगणनेत ती त्या गटात नव्हती. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, तिथे दोघीही एशियन, आणि एकेकाळी भारतीयांना गोऱ्यांत धरत. माणूस तोच, मग वंश बदलतो कसा? मराठीत याला ‘वंश’ म्हणावं का?

उत्तर: मराठीत वंश म्हणजे पिढ्यांची परंपरा. यदुवंश, वंशावळ, निर्वंश या शब्दांत तोच अर्थ आहे, आणि ती परंपरा देश सोडल्याने बदलत नाही. सरकारी फॉर्मवरची ‘रेस’ मात्र त्या त्या राज्यव्यवस्थेने स्वतःच्या गरजेसाठी पाडलेला गट असतो. बाहेरून आलेल्याला त्या आधीच तयार असलेल्या गटांपैकी एखाद्यात बसवतात. म्हणून या अर्थी मी ‘वांशिक वर्ग’ लिहितो, आणि सोबत देश व साल देतो. साल का द्यावं लागतं, ते अमेरिकेतल्या भारतीयांवरून चांगलं कळतं.

१७९० च्या कायद्याने अमेरिकेचं नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ परदेशी माणसाला मिळू शकत होतं. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ते खुलं झालं. म्हणजे अर्जदार गोरा किंवा आफ्रिकी ठरला तरच दार उघडणार. तिथे जाऊन राहिलेल्या आपल्या माणसाला नागरिक व्हायचं असेल, तर आपण ‘गोरे’ आहोत असं कोर्टाला पटवावं लागे. भारतात त्याला हा प्रश्न कोणी विचारलाही नसता.

भिकाजी बलसारा हे मुंबईचे पारशी व्यापारी. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने त्यांना गोरे मानलं. पारशी इराणहून आलेले, आणि भारतात राहणारे इंग्रज जितके हिंदूंपासून वेगळे तितकेच तेही वेगळे, असा कोर्टाचा विचार होता. मुंबईत ज्यांच्या शेजारी ते राहत होते, त्यांच्यापासून अमेरिकन कायद्याने त्यांना असं अलग काढलं.

पंजाबचे भगतसिंग थिंड यांचं प्रकरण याहून बोलकं आहे. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते आणि १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं. सरकारने त्याला आव्हान दिलं. त्याचा निकाल लागण्याआधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज सुप्रीम कोर्टाने फेटाळला होता, कारण गोरा म्हणजे मानववंशशास्त्र ज्याला ‘कॉकेशियन’ वंशाचा म्हणतं तो, आणि जपानी माणूस तसा नाही. थिंड यांच्या बाजूने सरळ युक्तिवाद होता: तेव्हाचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात. पण फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच कोर्टाने शास्त्राची व्याख्या बाजूला सारली आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असं ठरवलं. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिले होते. तीन महिन्यांत कसोटीच बदलली, हे वाचताना मला आजही संताप येतो.

या निकालानंतर सरकार आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घेऊ लागलं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला झाला. आपलं नागरिकत्व १९१४ मध्येच कोर्टाने कायम केलं आहे, ते पुन्हा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर ते १९२६ मध्ये अपिलात जिंकले. थिंड यांना १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे नागरिकत्व मिळालं. इतर भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं.

जनगणनेची वाट वेगळीच. १९३० आणि १९४० मध्ये ‘हिंदू’ हा तिथे वांशिक वर्ग होता आणि त्यात शीख-मुसलमानही मोजले जात. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत घातलं. मग नागरी हक्कांच्या कायद्यांमुळे भेदभाव मोजण्यासाठी वेगळी नोंद लागू लागली, भारतीयांच्या संघटनेने तशी मागणी केली, आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला. १९४० च्या आधी तिथे गेलेला एखादा माणूस एकाच आयुष्यात या तिन्ही वर्गांतून गेला असेल.

आता लंडन. ब्रिटनमध्ये ‘एशियन’चा रूढ अर्थ भारतीय उपखंडातले लोक असा झाला, कारण युद्धानंतर आशियातून तिथे आले ते मुख्यतः तेच. पूर्व आफ्रिकेतही, फाळणीनंतर ‘इंडियन’ म्हटल्याने पाकिस्तानी सुटतात म्हणून, ‘एशियन’ हा शब्द रुळला होता. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत चिनी लोकांचा रकाना ‘एशियन’ गटाबाहेर होता. २०११ ला तो आत घेतला. तुमच्या बहिणीची मैत्रीण बरोबर सांगते. त्यामुळे २००१ आणि २०११ चे ‘एशियन’चे आकडे शेजारी ठेवून वाढ काढायची असेल, तर २००१ च्या आकड्यात चिनी आधी मिळवून घ्यायला हवेत.